विश्लेषण : चालणे, व्यायाम, वजन... रक्तदाब नेमका किती उतरतो?

‘रोज चालत जा, वजन जरा कमी करा,’ हा सल्ला रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मिळतो. गोळीची मात्रा चिठ्ठीवर मिलिग्रॅममध्ये लिहिली जाते, चालण्याची मात्रा मात्र कुणी लिहीत नाही. त्यामुळे काहींना वाटते की चालून काहीच होत नाही, तर काही जण महिनाभर चालून गोळीच बंद करतात. दोन्ही चुका टाळायच्या तर आकडे माहीत हवेत.

चालण्याने किती फरक पडतो?

‘कॉक्रेन’च्या 2021 मधील आढाव्यात 73 चाचण्या तपासल्या गेल्या. त्यानुसार नियमित चालण्याने वरचा रक्तदाब सरासरी 4 अंकांनी (1 अंक म्हणजे पाऱ्याचा 1 मिलिमीटर) आणि खालचा साधारण 2 अंकांनी उतरला. बहुतेक चाचण्यांत लोक आठवड्यातून 3 ते 5 दिवस, 20 ते 40 मिनिटे चालत होते आणि हे सरासरी 15 आठवडे चालले. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त असतो, त्यांच्यात घट थोडी अधिक दिसते. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. भाजी घेत, थांबत-थांबत केलेली फेरी यात मोजू नये.

वजने उचलली तर रक्तदाब वाढत नाही का?

उचलताना क्षणभर वाढतो, विशेषतः श्वास रोखून धरला तर. पण आठवड्यातून 2-3 दिवस हे व्यायाम करत राहिल्यास उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत विश्रांतीच्या वेळचा वरचा आकडा साधारण 4 अंकांनी उतरतो. त्यासाठी जिमच हवी असे नाही. खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा ओढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, यातले प्रत्येक 10-15 वेळा पुरते. जोर लावताना श्वास सोडायचा, हा नियम पाळावा. ज्यांचा रक्तदाब 180/110 च्या आसपास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडून तो आटोक्यात आणावा, मगच वजनांना हात लावावा.

आणि वजन कमी केल्याने?

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे : 1 किलो घटले की साधारण 1 अंक. पण इथेच गफलत होते. 80 किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालले तर बसून राहण्यापेक्षा जेमतेम 100 कॅलरी जास्त खर्च होतात. 1 किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे आठवड्यातून 5 दिवस चालूनही 1 किलो उतरायला 15 आठवडे लागतील. परतताना एक वडापाव खाल्ला तर दोन-तीन दिवसांची कमाई संपली. वजन ताटातून उतरते. चालण्याचा रक्तदाबावरचा लाभ मात्र काटा न हलताही मिळतो. म्हणून ‘वजन तर तेवढेच आहे’ म्हणत चालणे सोडणे चूक आहे.

तिन्ही केले तर बेरीज होते का?

पूर्ण नाही. समजा एखाद्याचे वजन 82 किलो आणि रक्तदाब 148/94 आहे. चालण्याचे 4, व्यायामाचे 4 आणि 5 किलो घटल्याचे 5, असे कागदावर 13 अंक होतात. तिन्ही उपाय काही अंशी रक्तवाहिन्या सैल करण्याच्या एकाच वाटेने काम करतात, त्यामुळे प्रत्यक्षात 8 ते 10 अंकांची अपेक्षा धरावी. म्हणजे आकडा 139 च्या आसपास येईल. एका गोळीची नेहमीची मात्रा साधारण 9 अंक उतरवते, त्यामुळे ही कमाई छोटी नाही. पण सुरुवात 168 पासून असेल तर नुसत्या चालण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तिथे गोळी आणि व्यायाम दोन्ही लागतील.

फरक पडला हे कसे ओळखायचे?

एका मोजणीवरून नाही. व्यायामानंतर काही तास रक्तदाब तात्पुरता उतरलेला असतो, त्यामुळे फिरून आल्याआल्या घेतलेला आकडा फसवतो. सकाळी चहा-नाश्ता, गोळी आणि फिरण्याच्या आधी, 5 मिनिटे पाठ टेकून बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून 1 मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. संध्याकाळीही तसेच. असे 7 दिवस करून पहिला दिवस सोडून द्यावा आणि बाकीची सरासरी काढावी. सुरुवातीला एकदा आणि 3 महिन्यांनी पुन्हा, अशा दोन सरासरींची तुलना खरी. घरच्या मोजणीत 135/85 च्या खाली राहणे अपेक्षित असते.

ही सरासरी घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास गोळी कमी करायची की नाही, हे अंदाजावर न ठरता आकड्यांवर ठरेल. चालणे थांबले की काही आठवड्यांत रक्तदाब पुन्हा चढतो. त्यामुळे डॉक्टरांनीही ‘चालत जा’ एवढेच सांगून भागणार नाही. किती मिनिटे, किती दिवस आणि किती किलो, हे गोळीच्या शेजारी चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे.