समूहाने नुसती री ओढायची का?

दीर्घकवितेचे मंचावर नाट्यवाचन करायचे म्हटले की आपल्याकडे साचा ठरलेला असतो. ज्याचा आवाज भारदस्त, तो मधोमध माइकसमोर उभा राहून कविता म्हणतो. मागे आठ-दहा मुलेमुली प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ मोठ्याने परत म्हणतात. शेवटी सगळ्यांच्या मुठी वर. आम्हीही हेच केले होते. आज आमचे स्पष्ट मत आहे की हा साचा चुकीचा आहे. प्रयोग म्हणून तो कच्चा आहेच, पण विचार म्हणून अधिक कच्चा आहे.

आमच्या गटातल्या एका साथीने महाडच्या सत्याग्रहावर सुमारे चारशे ओळींची कविता लिहिली. विहाराच्या पटांगणात आम्ही ती चाळीस मिनिटांत सादर केली. नंतर लोकांनी वाचणाऱ्याच्या आवाजाचे कौतुक केले. दहावीतल्या एका मुलीने मात्र विचारले, “मग बाकीचे लोक तिथे काय करत होते?” आम्ही निरुत्तर झालो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर हजारो माणसे चालत गेली होती. आमच्या मंचावर त्यांना स्वतःचे एकही वाक्य नव्हते.

पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. ते झील धरतात, शाहिराला श्वास घ्यायला उसंत देतात. गाण्यात ते काम मोलाचे आहे. पण नाट्यवाचनातल्या समूहाला तेवढेच काम दिले, तर तो समूह उरत नाही, प्रतिध्वनी होतो. माणसांनी स्वतः उठून केलेल्या लढ्याची गोष्ट सांगताना त्याच माणसांना प्रतिध्वनी करणे, हे आम्हाला पटेना.

म्हणून आम्ही संहिता पुन्हा मांडली. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण केली: ही ओळ सांगणाऱ्याची, ही एका माणसाची, ही सगळ्यांची. ‘आम्ही’ म्हणणारी प्रत्येक ओळ समूहाकडे गेली. मग काटछाट. शरीर जे दाखवू शकते ते शब्दांतून काढले. लोक रांगेने निघाले, काठावर आले, वाकले, ओंजळ भरली, या वर्णनाच्या साठ ओळी गेल्या, कारण नऊ माणसे मंचावर तेच करणार होती. हालचाली आम्ही तीनच ठेवल्या: चालणे, थांबणे, वाकणे. सांगणाऱ्या दोघांच्या हातात कागद राहिले. समूहाने मात्र आपले पाठ केले, कारण हातात कागद असेल तर ओंजळ होत नाही.

काटछाटीत एक चूक झाली. १९२३ चा बोले ठराव आणि तळे सर्वांना खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, हा भाग रुक्ष वाटला म्हणून आम्ही तो गाळला. तालमीला आलेल्या एका काकांनी लगेच हटकले, “अरे, हक्क आधीच मिळालेला होता. तो बजावायला गेले होते. हे नाही सांगितलं तर पाणी मागायला गेले असं वाटेल!” त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही तो भाग परत घेतला. एक मुलगी स्तब्ध उभी राहून तो कार्यालयीन आवाजात वाचते आणि समूह मागे वळून तिच्याकडे पाहतो. भावनेच्या ओळी कमी झाल्या तरी चालेल, कारण सांगणारी ओळ जाता कामा नये.

समूहाने एकत्र बोलणे सोपे नाही. नऊ जण लांब ओळ एकदम म्हणू लागले की तिचा गलका होतो. आपल्याला ती पाठ असते, म्हणून आपल्याला कळतही नाही. आम्ही एक उपाय केला. संहिता न ऐकलेल्या माणसाला पटांगणाच्या टोकाला उभे केले आणि ऐकू आले ते लिहायला सांगितले. सहा-सात शब्दांपर्यंतच्या ओळी त्याने नीट लिहिल्या. त्याहून लांब ओळींत त्याला क्रियापदच सापडेना. मग आम्ही लांब ओळी फोडल्या. अर्धी ओळ तिघांची, पुढची दुसऱ्या तिघांची आणि शेवटचे दोन शब्द सगळ्यांचे. सुरुवात एकदम व्हावी म्हणून कोणी खूण करत नाही, सगळे एकत्र श्वास घेतात. तेवढे जमायलाच आठवडा गेला.

खरा वाद पुढे झाला. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला, त्या प्रसंगात हल्लेखोरांच्या शिव्या होत्या. सुरुवातीला आमचाच समूह पाठ फिरवून हल्लेखोर व्हायचा. मुले जोशात शिव्या द्यायची आणि समोर हशा पिकायचा. आमच्याच वस्तीतल्या मुलांच्या तोंडून आमच्याच बापजाद्यांना शिव्या, आणि त्यावर टाळ्या! कोणाचे शब्द कोणाच्या तोंडी द्यायचे, हा तांत्रिक प्रश्न नाही, हे तेव्हा कळले.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन कवी स्टीफन व्हिन्सेंट बेने याने १९२८ साली ‘जॉन ब्राउन्स बॉडी’ हे गुलामगिरी आणि यादवी युद्धावरचे प्रदीर्घ काव्य लिहिले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्याच लढ्याचा हा विषय. १९५३ साली चार्ल्स लॉटन यांनी त्याचे नाट्यवाचन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणले. जवळपास मोकळ्या मंचावर तीन नट सगळी पात्रे वाचत आणि सोबतचा गायकसमूह गाणी व आवाज पुरवत असे. पद्धत म्हणून ती शिकण्यासारखी आहे. पण ते तिन्ही नट गोरे होते. गुलामांचे महाकाव्य आपल्याला गाता येणार नाही, अशी कबुली खुद्द बेनेने त्या काव्यात दिली आहे. कवीने मान्य केलेली ती मर्यादा मंचावर सुटली नाही.

आम्ही आमच्यापुरता निर्णय घेतला. शिव्या समूह देणार नाही. सांगणारा त्या पंचनामा वाचावा तशा सपाट आवाजात वाचतो. समूह ऐकत उभा राहतो, पडत नाही, रडत नाही. पुढच्या प्रयोगात हशा पिकला नाही.

दुसरा निर्णय बाबासाहेबांचा. आमच्यातल्या काहींना कोट-चष्मा घातलेला नट हवा होता. आम्ही नकार दिला. मंचाच्या उजव्या कोपऱ्यातली एक जागा रिकामी ठेवली. समूह तिकडे पाहतो, एका श्वासाएवढा थांबतो आणि मग एकेक जण वाकून ओंजळ भरतो. पहिली ओंजळ बाबासाहेबांची होती, हे त्या थांबण्यातून कळते. नंतरच्या नऊ ओंजळी मात्र डोळ्यांना दिसतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे.

काही साथी म्हणतात, घोषणा नसल्या तर लोक पेटत नाहीत. आमचा घोषणांना विरोध नाही. आता प्रयोग पंचवीस मिनिटांचा आहे आणि त्यात एकच घोषणा आहे. ती शेवटच्या ओंजळीनंतर येते, तेव्हा समोरचे लोक न सांगता ती उचलतात. आधी दहा वेळा दिली असती, तर तेव्हा ती झीलच झाली असती.

तुम्ही पुढची दीर्घकविता हातात घ्याल तेव्हा मधोमध कोण उभे राहणार, हे सर्वांत शेवटी ठरवा. आधी पेन घ्या आणि त्या कवितेत ‘आम्ही’ कुठे कुठे आहे, त्यावर खूण करा.

जय भीम!