संयुक्त खाते : अर्जावरील एक न वाचलेली ओळ

मागील अंकातील नामनिर्देशनाविषयीचा लेख वाचून करमाळा तालुक्यातील केम येथून एका भगिनींचे पत्र आले. केम हे कुंकवाचे गाव म्हणून सर्वत्र परिचित आहे आणि या भगिनींच्या घरीही दोन पिढ्या कुंकवाचाच व्यापार. गेल्या वर्षी त्यांचे यजमान निवर्तले. पत्रात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : “दोन्ही बँकांत ठेवी दोघांच्या नावे होत्या. एका बँकेने बारा दिवसांत पैसे दिले, दुसरीने अडीच महिने लावले. असे का?” पत्रासोबत त्यांनी कागदांच्या प्रती पाठविल्या होत्या. त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, ते प्रकरण आज वाचकांपुढे ठेवतो. त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

पहिल्या बँकेत या दांपत्याचे बचत खाते आणि चार लाख रुपयांची पाच वर्षांची मुदत ठेव होती. दोन्हींवर यजमानांचे नाव पहिले, पत्नीचे दुसरे आणि संचालन पद्धत ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. दुसऱ्या बँकेत सहा लाखांची पाच वर्षांची ठेव होती. तेथेही नावांचा क्रम तोच होता, परंतु पद्धत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ होती. घरात सर्वांची समजूत अशी की दुसरी पद्धत अधिक सोयीची, म्हणून दुसऱ्या बँकेचे पैसे सहज मिळतील. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

प्रथम या दोन पद्धतींचा अर्थ पाहू. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघे हयात असताना दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने खाते चालवू शकतो आणि एकाच्या पश्चात जो हयात राहील त्याला रक्कम मिळते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे ज्याचे नाव पहिले, तो हयात असेपर्यंत केवळ तोच खाते चालवितो. दुसऱ्या धारकाचा हात त्या खात्याला लागतो तो पहिल्याच्या मृत्यूनंतरच. सारांश, दोन्ही पद्धतींतील भेद हा दोघांच्या हयातीतला आहे. एका धारकाच्या मृत्यूनंतर दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी येऊन मिळतात : रक्कम हयात धारकाला.

हयातीतला हा भेद किती महत्त्वाचा असतो, ते केमच्या या कुटुंबाला निधनाच्याही आधी कळले. यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. सोलापूरच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. उजवा हात निकामी झाल्याने सही करता येईना. बचत खात्यात एक लाखाच्या आसपास शिल्लक होती, परंतु पद्धत ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असल्यामुळे पत्नीच्या सहीवर एक रुपयाही निघेना. पहिला धारक आजारी आहे, परंतु हयात आहे आणि नियमाला तेवढेच दिसते. अखेर बँकेचे अधिकारी रुग्णालयात आले. रुग्णाईत खातेदाराचा अंगठा घेऊन रक्कम देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. त्यासाठी बँकेला परिचित असे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. हे सर्व जुळून यायला नऊ दिवस गेले. तोवर उपचारांचा खर्च नातलगांकडून हातउसने घेऊन भागवावा लागला. बचत खात्याची पद्धत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असती, तर या भगिनींनी त्याच दिवशी स्वतःच्या सहीने पैसे काढले असते.

पुढे यजमानांचे निधन झाले. उपचारांसाठी घेतलेले हातउसने आणि व्यापारातील देणी मिळून सुमारे सात लाख रुपये फेडायचे होते. ठेवींची मुदत संपायला मात्र अद्याप तीन वर्षे होती. दोन्ही ठेवी मुदतीपूर्वी मोडणे भाग होते आणि येथेच मी म्हणतो ती न वाचलेली ओळ आडवी आली.

संयुक्त मुदत ठेवीच्या मुदतपूर्व परतफेडीचा नियम रिझर्व्ह बँकेने २०१२ साली स्पष्ट केला. ठेवीची मुदत पूर्ण झाल्यावर हयात धारकाला रक्कम देण्यात कोणतीही अडचण नाही. परंतु मुदतीपूर्वी ठेव मोडायची असेल तर दोघे हयात असताना दोघांच्या सह्या लागतात, मग पद्धत ‘आयदर’ असो वा ‘फॉर्मर’. एक धारक दिवंगत झाला असेल तर हयात धारकासोबत दिवंगताच्या कायदेशीर वारसांची संमती लागते. याला एक अपवाद आहे. मुदतपूर्व परतफेडही खात्याच्या संचालन पद्धतीप्रमाणेच करावी, अशी विशेष लेखी संमती दोन्ही धारकांनी मिळून आधीच दिली असेल, तर बँकेला वारसांच्या सह्या मागण्याचे कारण उरत नाही. ही संमती ठेव ठेवताना देता येते आणि नंतर, मुदत चालू असताना केव्हाही देता येते. अट एवढीच की दोघेही हयात हवेत.

पहिल्या बँकेच्या अर्जात ही संमती छापलेली होती आणि त्याखाली दोघांच्या सह्या होत्या. बहुधा न वाचताच केलेल्या असतील, परंतु कामी आल्या. मृत्यूचा दाखला, ठेवीची मूळ पावती, या भगिनींची ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर बाराव्या दिवशी रक्कम जमा झाली. ठेव जितका काळ बँकेत राहिली तितक्या काळाला लागू असलेल्या दराने व्याज मिळाले. ठेवीदाराच्या मृत्यूमुळे मोडलेल्या ठेवीवर दंड आकारायचा नसतो आणि तो आकारलाही गेला नाही. बचत खात्यावरून दिवंगताचे नाव कमी करण्याचे कामही त्याच भेटीत झाले.

दुसऱ्या बँकेच्या अर्जात ती संमती नव्हती. म्हणून बँकेने सर्व वारसांचे संमतिपत्र मागितले. हे वारस कोण, याविषयीही घरात गैरसमज होता. पत्नी आणि दोन मुलगे एवढेच वारस, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आपण जैन असलो तरी मृत्युपत्र नसताना वारसाहक्काच्या बाबतीत आपल्याला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी आणि मुलगे यांच्यासोबत मुली येतात आणि आई हयात असेल तर तीही येते. म्हणजे बार्शीला दिलेल्या मुलीची सही हवी, पुण्यातील धाकट्या मुलाची हवी, परदेशात नोकरीस असलेल्या थोरल्याची हवी आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंचा अंगठाही हवा. थोरल्या मुलाला भारतीय वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन स्वाक्षरी प्रमाणित करावी लागली. त्याचा पहिला कागद नमुन्याप्रमाणे नसल्याने परत आला. कोणाचाही विरोध नव्हता, तरी अडीच महिने गेले. विरोध असता तर मुदत संपेपर्यंत तीन वर्षे थांबावे लागले असते.

तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे : फरक बँकांत नव्हता, ‘आयदर’ आणि ‘फॉर्मर’ यांतही नव्हता. एका अर्जावर दोघांची एक जादा संमती होती आणि दुसऱ्यावर नव्हती, इतकेच.

वाचकांनी आपल्या घरातील संयुक्त ठेवींच्या पावत्या एकदा काढून पाहाव्यात. संचालन पद्धत पावतीवर छापलेली असते, मुदतपूर्व संमती मात्र बहुधा तेथे दिसत नाही. ती शाखेत विचारावी लागते. नसेल तर दोघांनी सहीनिशी अर्ज द्यावा : “आमच्या अमुक क्रमांकाच्या ठेवीची मुदतपूर्व परतफेड खात्याच्या संचालन पद्धतीप्रमाणे करावी आणि आमच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर ती हयात धारकास, दिवंगताच्या वारसांच्या संमतीची अट न घालता, करावी, अशी आम्हा उभयतांची संमती आहे.” बँकेचा स्वतःचा नमुना असेल तर तो भरावा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेऊन ती पावतीसोबत ठेवावी. ठेवीचे नूतनीकरण झाल्यावर ही संमती नव्या पावतीला लागू आहे ना, तेही विचारून घ्यावे.

मात्र या सोयीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. हयात धारकाला पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, परंतु तेवढ्याने तो धारक त्या रकमेचा एकटा मालक ठरत नाही. दिवंगताच्या वाट्याची रक्कम तो वारसांचा विश्वस्त म्हणून स्वीकारतो. नामनिर्देशित व्यक्तीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितले आहे : पैसे स्वीकारण्याचा अधिकार वेगळा आणि मालकी वेगळी. पैसे कोणाच्या मालकीचे व्हावेत हे ठरवायचे असेल तर मृत्युपत्रच करावे लागते. शिवाय संयुक्त खात्यावर नामनिर्देशन असले, तरी सर्व धारक दिवंगत झाल्यावरच त्या व्यक्तीचा संबंध येतो. एक धारक हयात असताना तिला काही मागता येत नाही.

पत्राच्या शेवटी या भगिनींनी आणखी एक विचारणा केली होती : “आता माझ्या बचत खात्यावर धाकट्या मुलाचे नाव घालावे असे सर्व म्हणतात. कोणती पद्धत ठेवू?” ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवली तर मुलगा त्यांना न विचारता आजही संपूर्ण शिल्लक काढू शकेल आणि बँक त्याला अडविणार नाही. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवली तर पैसा त्यांच्याच हाती राहील, पण त्या आजारी पडल्यास यजमानांच्या वेळी झाली तीच कोंडी होईल. मी त्यांना लिहिले की खाती दोन करावीत. चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि औषधपाणी भागेल एवढी रक्कम मुलासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यात ठेवावी. उरलेल्या रकमेच्या ठेवी स्वतःचे नाव पहिले घालून ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने कराव्यात आणि मुदतपूर्व संमतीवर दोघांनी सह्या कराव्यात. आणि सही करण्यापूर्वी ती ओळ या वेळी वाचून घ्यावी.