रोजचे शंभर आणि न फिटणारे दहा हजार

आमच्या गावातून रोज पहाटे माणसांनी भरलेल्या गाड्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडे जातात. कोणी मोल्डिंगवर, कोणी भट्टीवर, कोणी फेटलिंगला. काही गवंडी आणि सेंट्रिंगवाले कोल्हापुरात नाक्यावर उभे राहतात. सुट्टीच्या दिवशी यांतली वीस-पंचवीस माणसे देवळाच्या पारावर जमवून मी जे बोललो, तेच येथे लिहीत आहे.

बोलण्याचे कारण माझ्या वर्गात घडले. सरळव्याजाचा धडा चालू होता. घरातले एखादे कर्ज घेऊन त्याचा वर्षाचा दर काढून आणा, असे मी मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी एक पोर बापाच्या खिशातली मळकी वही घेऊन आले. वहीत एकाखाली एक शंभर रुपयांच्या नोंदी होत्या. पोराने वर्षाचा दर काढला होता तीनशे पासष्ट टक्के. मान खाली घालून ते म्हणाले, "गुर्जी, माझं गणित चुकलंय बहुतेक. बँकेचा दर धा-बारा असतोय."

मी गणित तपासले. पोराचे चुकले नव्हते. चुकला होता बाप. आणि तो एकटाच चुकलेला नाही, म्हणून हा लेख.

बाप फेटलिंगला आहे. रोज पाचशे रुपये हजेरी, महिन्याला सव्वीस हजेऱ्या धरल्या तर तेरा हजार. आईच्या ऑपरेशनला दहा हजार कमी पडले, ते त्याने एका ओळखीच्या माणसाकडून काढले. बोली अशी ठरली की शंभराला रोज एक रुपया. मी विचारले, "अरे, हे कसले व्याज?" तो म्हणाला, "गुर्जी, शंभरच तर हाईत रोजचं. च्या-तंबाखूत जात्यात एवढं."

बंधूंनो, साऱ्या कपटाचे मूळ या 'शंभरच तर' मध्ये आहे. सावकार वर्षाचा दर सांगत नाही, महिन्याचाही सांगत नाही. तो दिवसाचा सांगतो. कारण दिवसाचा आकडा लहान दिसतो. पण हजेरी सव्वीस दिवस मिळते आणि व्याज तीस दिवस चालते. रविवारी तुमची भट्टी थंड असते, सावकाराची थंड होत नाही. महिन्याला तीन हजार गेले, म्हणजे सव्वीस हजेऱ्यांपैकी सहा हजेऱ्या त्याच्या. सहा दिवस धूळ तुम्ही खायची, ग्राइंडरची ठिणगी तुम्ही अंगावर घ्यायची, आणि दाम त्याने न्यायचा!

बरे, एवढे देऊन कर्ज तरी फिटते काय? पाच महिन्यांत बापाने पंधरा हजार भरले. मुद्दल दहा हजार होती तशीच उभी. मग दिवाळीत फौंड्री आठ दिवस बंद राहिली आणि आठ दिवस हप्ता चुकला. आठशे रुपये थकले, त्यावर रोजचा पन्नास दंड म्हणून चारशे. ते बाराशे सावकाराने मुद्दलात घातले आणि रोजचे शंभराचे एकशे बारा केले. पंधरा हजार भरणाऱ्याचे देणे दहा हजारांवरून अकरा हजार दोनशे झाले! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, ते हेच.

आता दुसरा प्रकार पाहा, कारण दोन्ही एकच समजून पुष्कळ लोक फसतात. या प्रकारात सावकार दहा हजार लिहून घेतो, हजार आधीच कापतो, नऊ हजार हातात देतो आणि रोज शंभरप्रमाणे शंभर दिवस वसूल करतो. येथे निदान शंभराव्या दिवशी कर्ज संपते. लोक म्हणतात, हे तर दहाच टक्के झाले. तेही खोटे. नऊ हजार तुमच्याकडे शंभर दिवस राहत नाहीत; पहिल्याच दिवसापासून परत जाऊ लागतात. निम्मी मुदत गेली की तुमच्या हाती जेमतेम निम्मे उरते. घटत्या रकमेवर हिशेब केला, तर हा दर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातो.

दोन्हीकडे रोजचे शंभरच. एक शंभर दिवसांत संपतो, दुसरा मरेपर्यंत संपत नाही. म्हणून पैसे हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: "आजच्या शंभरातले मुद्दलात किती गेले?" उत्तर 'काही नाही' असे असेल, तर ते कर्ज नव्हे; तुमच्या हजेरीवर बसवलेला कायमचा खंड आहे.

आता कायद्याचा दर ऐका. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला. त्याखाली त्याच वर्षी ठरविलेला परवानाधारक सावकाराचा दर शेतकरी नसलेल्या ऋणकोसाठी तारण असल्यास वर्षाला पंधरा टक्के आणि विनातारण अठरा टक्के आहे. दहा हजारांवर अठरा टक्के म्हणजे वर्षाला अठराशे, महिन्याला दीडशे, दिवसाला पाच रुपयेसुद्धा नाहीत. जेथे पाच घ्यायचे तेथे शंभर घेतले जातात. शिवाय व्याजावर व्याज नाही, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजोबांना ठाऊक असलेला दामदुपटीचा नियम तो हाच. आमच्या फेटलिंगवाल्याने ती मर्यादा शंभराव्या दिवशीच गाठली होती.

येथे एक कडू गोष्ट बोलतो. सावकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुना शेटजी उभा राहतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांकडून कर्जरोखे मागून घेऊन जाळले. कारण गळफास त्या कागदात होता. आजचा सावकार पुष्कळदा आपल्याच भावकीतला, आपल्याच आळीतला, तालमीतला असतो. तुम्ही त्याला मामा म्हणता, तो तुम्हाला पाव्हणं म्हणतो. कागदही बदलला आहे. तो आता कोरा चेक मागतो, कोऱ्या स्टँपवर सही मागतो, नाही तर पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड नंबरासकट ठेवून घेतो. पगार जमा झाला की आधी तो काढतो, उरलेले तुम्हाला देतो. जो आपला आहे तो पिळणार नाही, या भ्रमात राहू नका. जात पाहू नका, हिशेब पाहा.

मग लोक त्याच्याकडे का जातात? ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे. रात्री दहाला दवाखान्यात अनामत भरायची असते. पतसंस्था दोन जामीन मागते, अर्ज मंजूर व्हायला दिवस जातात. हा अर्ध्या तासात पैसे आणून देतो. तो पैसा विकत नाही, घाई विकतो. यासाठी गरज पडल्यावर पर्याय शोधण्यात अर्थ नाही. तो आधी बांधून ठेवावा लागतो.

पहिला पर्याय तुमच्या पगाराच्या चिठ्ठीतच आहे. तीत ई. एस. आय. ची कपात आहे का पाहा. कामगाराचे शंभराला पाऊण रुपया कापतात, मालक सव्वातीन भरतो. कपात होत असेल तर तुम्हाला व घरच्या अवलंबितांना उपचार मिळतो, आणि तुम्हीच आजारी पडलात तर अटी पुऱ्या असल्यास वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. पुष्कळजण पैसे कापून देतात आणि कार्डच काढत नाहीत, मग दवाखान्यासाठी सावकार गाठतात. प्रॉव्हिडंट फंडातूनही आजारपण, लग्न अशा कारणांना आगाऊ रक्कम मिळते. ऐनवेळी नाव-जन्मतारीख जुळत नाही म्हणून अडते, ते आजच जुळवून घ्या.

दुसरा पर्याय कामगारांची पतसंस्था. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात सहकाराचा पाया घातला गेला, तो याच दुखण्यावर औषध म्हणून. सभासदाच्या संमतीने हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरण्याची तरतूद सहकारी कायद्यात आहे. त्यामुळे संस्थेला बुडण्याचे भय कमी आणि दर कमी ठेवता येतो. मात्र कंत्राटदाराच्या माणसाला आणि नाक्यावरच्या गवंड्याला ही सोय सहसा मिळत नाही.

त्याच्यासाठी तिसरा पर्याय, घरच्या बाईचा बचत गट. आमच्या फेटलिंगवाल्याला यानेच सोडवले. बायकोच्या गटाने महिना दोन टक्क्यांनी दहा हजार दिले. दरमहा हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याला बाराशे, शेवटच्या महिन्याला एक हजार वीस. दहा महिन्यांत एकूण व्याज अकराशे, आणि तेही गटातच राहणार. सावकाराने दहा महिन्यांत तीस हजार नेऊन मुद्दल उभी ठेवली असती. गटाचा दरही कायद्याच्या दराहून चढाच आहे, हे मी लपवत नाही. पण येथे मुद्दल दर महिन्याला उतरते. गटात आणि भिशीतही घाण शिरते. एकाच्याच हातात पैसा राहिला, किंवा भिशीचा लिलाव सुरू झाला, की तीही सावकारी होते. खाते बँकेत, सह्या दोघींच्या आणि हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचलेला, एवढे सांभाळा.

जो आधीच अडकला आहे, त्याने काय करावे? दिलेला प्रत्येक रुपया लिहून ठेवावा आणि जमेल तेथे खात्यातून द्यावा, म्हणजे पुरावा राहतो. कार्ड सावकाराकडे असेल तर बँकेत जाऊन ते बंद करावे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अशा सावकाराला त्या कर्जाचा हुकूमनामा कोर्टातून मिळत नाही. वसुलीसाठी पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे हाही गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी. चौकशीला वेळ लागतो, आणि कोरा चेक त्याच्याकडे असेल तर तो चेक वटला नाही म्हणून उलट तुमच्यावरच खटला भरू शकतो. म्हणूनच कोरा चेक कधी देऊ नये.

आमच्या माणसाने गावच्या दोन वडीलधाऱ्यांसमोर पैसे मोजले. सावकाराने वरचे बाराशेही सोडले नाहीत. ते घरातले गहू विकून दिले. पण चेक परत आला आणि त्याच्या पोरानेच तो पारावर फाडला. ज्यांच्या खिशात अशी वही आहे, त्यांनी ती पुढच्या सुट्टीला घेऊन यावी. गणित आम्ही फळ्यावर करू.

— एक खेड्यातला शिक्षक