तपातील तहान आणि रक्तातील मीठ

पर्युषणातील आठ दिवसांत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील उपाश्रयांत दोन प्रकारचे तपस्वी एकाच जाजमावर बसलेले दिसतात. एकाने चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेतलेले असते. त्याला पाणीही वर्ज्य. दुसऱ्याची तिविहार अठ्ठाई चालू असते. सूर्योदयानंतर सूर्यास्तापर्यंत उकाळलेले पाणी त्याला चालते. पहिल्याचा घसा कोरडा पडतो, ओठ सुकतात, तरीही तो प्रतिक्रमणात स्थिर उभा राहतो. दुसऱ्याने दिवसभर पाणी प्यालेले असते, त्याला तहानही नसते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी काउसग्गासाठी उठताच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. वरकरणी हे उलटे वाटते. परंतु देह पाण्याचा हिशेब कसा ठेवतो हे कळले, की त्यात नवल राहत नाही.

पेढीवर भाव पाहणारा एक आणि गोदामातील माल मोजणारा दुसरा असतो, तसे देहातही दोन राखणदार आहेत. पहिला रक्तातील मिठाचे प्रमाण पाहतो, दुसरा रक्ताचा एकूण साठा. दोघांची नजर वेगळी, साधने वेगळी.

पहिल्या राखणदाराचे ठाणे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात आहे. रक्तातील सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल इतके राहावे, अशी त्याची व्यवस्था असते. रक्ताची घनता शेकडा एक-दोन इतकी जरी वाढली, तरी तेथील पेशी किंचित आकसतात आणि दोन हुकूम सुटतात. एक हुकूम तहानेचा. दुसरा व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा. हे संप्रेरक रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचते, तेथील सूक्ष्म नलिकांच्या भिंतींत पाण्याची दारे उघडते आणि मूत्रातून जाऊ पाहणारे पाणी परत रक्तात ओढून घेते. मूत्र थोडे आणि गडद होते ते यामुळेच.

चौविहार उपवासाचा हिशेब मांडून पाहू. साठ किलो वजनाच्या गृहस्थाच्या देहात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातील २४ लिटर पेशींच्या आत, १२ लिटर पेशींच्या बाहेर. आणि या बाहेरच्या पाण्यापैकी साधारण तीन लिटर रक्तद्रवात. आदल्या सूर्यास्तापासून पारण्याच्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत सुमारे ३६ तास होतात. श्वास, त्वचा आणि मूत्र यांवाटे या काळात दीड-पावणेदोन लिटर पाण्याची तूट येते असे धरू. ही तूट मुख्यतः पाण्याची, मिठाची थोडी. म्हणून रक्त घट्ट होऊ लागते आणि पेशी आपल्यातील पाणी बाहेर देतात. तूट सर्व ३६ लिटरांवर वाटली जाते. रक्तद्रवाच्या वाट्याला त्यातील बारावा हिस्सा, म्हणजे जेमतेम दीडशे मिलिलिटर येतो. तहान तीव्र, पण रक्ताचा साठा जवळजवळ शाबूत. निरोगी माणूस उभा राहू शकतो तो याच आधारावर.

मूत्रपिंडाच्या काटकसरीलाही मर्यादा आहे. युरियासारखा कचरा बाहेर टाकण्यास रोज सुमारे अर्धा लिटर मूत्र लागतेच. १९४३च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा मळमळीमुळे त्यांच्या पोटात पाणी जाईना. मुंबईचे डॉ. गिल्डर आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधनचंद्र रॉय हे त्यांची प्रकृती पाहत होते. मूत्रपिंडे थकू लागल्याची चिन्हे दिसली. पाण्यात मोसंबीचा थोडा रस घातल्यावर पाणी पोटात राहू लागले आणि प्रकृती सावरली.

आता तिविहार अठ्ठाईकडे वळू. येथे पाणी मिळते, मीठ मात्र मिळत नाही. त्यात भर अशी, की अन्न बंद होताच रक्तातील इन्सुलिन उतरते आणि चरबी जळून किटोन आम्ले तयार होतात. या दोन्ही कारणांनी पहिले काही दिवस मूत्रपिंडे मीठ राखण्याऐवजी गमावतात. पहिल्या चार दिवसांत ३०० मिलिमोल सोडियम गेले असे समजू. ते सुमारे १७ ग्रॅम मिठाएवढे होते. मिठामागोमाग पेशींबाहेरचे सुमारे दोन लिटर पाणीही जाते. ही तूट पेशी भरून देत नाहीत. ती १२ लिटरांच्या बाहेरच्या साठ्यावरच पडते आणि रक्तद्रवाच्या वाट्याला चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा लिटर येतो. चौविहारात दीडशे मिलिलिटर, येथे पाचशे. रक्ताची घनता बिघडलेली नसल्यामुळे तहान मात्र गप्प राहते. अंधारी येते ती या रिकाम्या झालेल्या साठ्यामुळे.

येथे दुसरा राखणदार जागा होतो. रक्ताचा दाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते. अल्डोस्टेरॉन मूत्रातील मीठ परत घेते, पण त्याचे काम सावकाश चालते. साधारण आठवड्याच्या आत मूत्रातून जाणारे मीठ बरेच कमी होते. तोवर उठताना आधी बसावे, मग भिंतीला हात लावून उभे राहावे, आणि जुन्या चाळीचे तीन-चार जिने दिवसातून अनेकदा चढू नयेत.

खरा धोका याच्या पुढे आहे. साठा फारच घटला, तर व्हॅसोप्रेसिन घनतेचा विचार सोडून केवळ साठ्यासाठी पाणी धरून ठेवू लागते. अशा वेळी घरची मंडळी “अशक्तपणा आहे, आणखी पाणी घ्या” असा आग्रह करतात. ते पाणी बाहेर जात नाही, रक्त पातळ होते, सोडियम १३०च्याही खाली जाते. डोकेदुखी, मळमळ, मग बोलण्यात असंबद्धता आणि गुंगी, असा क्रम असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांत हे लवकर घडते. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या तर दुसऱ्या राखणदाराचेच हात बांधतात. म्हणून या गोळ्यांचे प्रमाण तप सुरू होण्यापूर्वीच वैद्यांकडून ठरवून घ्यावे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर साठा कमी झाला आहे असे धरावे. बारा तास मूत्र झाले नाही, किंवा तपस्वी गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. रक्तातील सोडियम आणि क्रिएटिनिन त्वरित तपासून घ्यावे. अशा प्रसंगासाठी पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार ठेवलेला आहे. गुरुमहाराजांना विचारून त्याचा आधार घेण्यात व्रताचा अनादर नाही.

पारण्यानंतर दोन-तीन दिवस पावलांवर सूज येते आणि वजन एकदम किलो-दोन किलो वाढते. अन्नाबरोबर इन्सुलिन परत येते, अल्डोस्टेरॉनही अजून चढलेलेच असते. त्यामुळे मिळालेले मीठ मूत्रपिंडे घट्ट धरून ठेवतात. मुगाच्या पाण्याने आणि हलक्या आहाराने सुरुवात करून पापड-लोणची आठवडाभर दूर ठेवली, तर निरोगी माणसाची ही सूज आपोआप ओसरते. सुजेबरोबर धाप लागली, तर मात्र वैद्यांकडे त्याच दिवशी जावे.