चित्राखालचं लेबल: 'एआय' एवढा शब्द लिहिला की झालं का?



आज वर्तमानपत्र, जाहिरात, शाळेचं माहितीपत्रक, वर्गातली कृतिपत्रिका, कुठेही बघा, संगणकाने तयार केलेलं किंवा बदललेलं चित्र असतंच. त्यावर कुठेतरी बारीक अक्षरात 'प्रातिनिधिक चित्र', 'कलाकाराच्या कल्पनेतून' किंवा नुसतं 'एआय' असं लिहिलेलं असतं. लेबल असावं की नसावं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. बरीचशी लेबलं असूनही नसल्यासारखी असतात, आणि ती तशी असली तर ती प्रामाणिक नाहीत, असं माझं मत आहे. हे मत का झालं, ते दोन जुन्या उदाहरणांवरून आणि आपल्याच वर्गातल्या एका उदाहरणावरून सांगते.

लेबल होतं, पण आतल्या पानावर

जून १९९४. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध फुटबॉलपटूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'ने तो होता तसा छापला. 'टाइम'ने एका चित्रकाराकडून त्यावर काम करून घेतलं. त्यात चेहरा बराच काळवंडलेला दिसत होता आणि कडा धूसर झाल्या होत्या. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले, म्हणून फरक लगेच लोकांच्या डोळ्यांत भरला. कृष्णवर्णीय आरोपीला मुद्दाम अधिक काळा आणि भीतिदायक दाखवलं, अशी मोठी टीका झाली. संपादकांना खुलासा करावा लागला.

आता यातली गंमत बघा. 'टाइम'ने काही लपवलं होतं का? तांत्रिकदृष्ट्या नाही. आत, अनुक्रमणिकेच्या पानावर, हे 'फोटो-इलस्ट्रेशन' आहे अशी नोंद चित्रकाराच्या नावासह होती. म्हणजे लेबल होतं! पण मुखपृष्ठ लाखो लोक बघतात, आणि अनुक्रमणिकेतली श्रेयनामावली वाचणारे किती? शिवाय 'फोटो-इलस्ट्रेशन' या शब्दातून चेहऱ्याचा रंग गडद केला आहे, हे कुणाला कळणार?

यातून दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली, लेबल जिथे नजर पडते तिथेच हवं, म्हणजे चित्रालगत. दुसरी, लेबलाने 'काय केलं' ते सांगायला हवं. नुसतं प्रकाराचं नाव सांगणं म्हणजे औषधाच्या बाटलीवर 'द्रव' असं लिहिण्यासारखं आहे.

लेबल मोठं होतं, पण पुरलं का?

दुसरं उदाहरण जाहिरातींचं. नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून असा नियम आहे की जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल, तर तसं ठरावीक चिन्ह चित्रावर द्यायचं. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांनाही तो लागू आहे. चिन्हाने चित्राची सुमारे ७ टक्के जागा व्यापावी, अशी अपेक्षा आहे. ७ टक्के म्हणजे किती? ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ साधारण ६२४ चौरस सेंटीमीटर. त्याचे ७ टक्के म्हणजे जवळजवळ ४४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे साडेसहा सेंटीमीटर बाजूचा चौरस! (सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर करायला द्या. मग घरी आलेल्या जाहिरातीतल्या तारांकित बारीक ओळीचं क्षेत्रफळ काढायला सांगा.)

जागेचा प्रश्न या नियमाने सोडवला. पण दुसरा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लेबलांवर बरीच वर्षं प्रयोग केले. फॅशनच्या चित्रांवर 'हे चित्र बदललेलं आहे' असं लिहिलं, तरी ती पाहणाऱ्या स्त्रियांना स्वतःच्या शरीराबद्दल वाटणारी नाराजी काही कमी झाली नाही. एवढंच नाही, तर नेमका कोणता अवयव बदलला ते लिहिल्यावर नजर त्याच अवयवाकडे जास्त वळली.

आता तुम्ही म्हणाल, मग नेमकं लिहावं की लिहू नये? माझं उत्तर असं. लेबलामुळे माहिती मिळते, पण चित्राचा मनावर झालेला परिणाम पुसला जात नाही. म्हणून 'लेबल लावलंय ना, मग काहीही दाखवा' हा युक्तिवाद पालकांनी आणि शिक्षकांनी मान्य करू नये. शाळेच्या प्रवेशाच्या पत्रकात नसलेली प्रयोगशाळा आणि नसलेलं मैदान संगणकाने रंगवून खाली 'संकल्पचित्र' लिहिलं, तर पालकाच्या मनात मैदान राहतं आणि शब्द विसरला जातो. तिथे प्रामाणिक उपाय एकच, आहे त्या जागेचा फोटो द्यावा. बांधायचं ठरलं असेल तर लेबलातच स्पष्ट लिहावं: 'ही प्रयोगशाळा अजून बांधलेली नाही.'

आता आपल्या वर्गात या

समजा तुम्ही ३ जानेवारीसाठी कृतिपत्रिका करताय. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. मुलांना ते डोळ्यांसमोर दिसावं म्हणून तुम्ही एका साधनाकडून चित्र करून घेता. ते तपकिरी रंगात, जुन्या फोटोसारखं, कडा थोड्या फाटलेल्या, असं छान येतं. खाली तुम्ही लिहिता, 'भिडे वाड्यातील शाळा, १८४८'.

इथे काय घडलं? चित्र फोटोसारखं दिसतं आणि खाली वर्ष आहे. मूल ते पुरावा म्हणूनच वाचणार. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, म्हणजे १८४८ साली ती अगदी बाल्यावस्थेत होती. आपल्याकडे फोटो ही अतिशय दुर्मिळ गोष्ट होती. हे मुलाला कुठून माहीत असणार? नीट पाहिलं तर अशा चित्रांत लाकडी बाक, सगळ्या मुलींच्या एकसारख्या साड्या, छताला दिवा, फळ्यावर देवनागरीसारखी पण न वाचता येणारी अक्षरं अशा गोष्टी सापडतात. मूल त्या सगळ्या 'इतिहास' म्हणून मनात साठवतं. उद्या तेच चित्र कुणीतरी कापून व्हॉट्सअॅपवर पाठवतं आणि 'दुर्मिळ छायाचित्र' म्हणून ते आपल्याच शिक्षकांच्या ग्रुपवर परत येतं.

खाली 'एआय' लिहिलं असतं तर? थोडं बरं. पण मूल विचारेल, म्हणजे नक्की काय खोटं? शाळा खोटी? वर्ष खोटं? तेव्हा मी सुचवते ते लेबल असं:

'हे छायाचित्र नाही. हे कल्पनाचित्र संगणकाच्या साधनाने तयार केले आहे. शाळेचे ठिकाण आणि वर्ष खरे. चेहरे, कपडे, खोली आणि वस्तू काल्पनिक.'

लेबल चारच छोट्या वाक्यांशांचं आहे, पण त्यात हे काय आहे, कसं झालं, खरं किती आणि कल्पित किती, एवढं सगळं येतं. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक लेबलांत नसतो.

लिहिण्याइतकंच ते कुठे लिहिलं हेही महत्त्वाचं. चित्राखाली वेगळी ओळ टाइप केली तर चित्र उचलताना ती मागे राहते. चित्राच्या फाइलमध्ये दडवलेली माहितीही स्क्रीनशॉट काढला की गेली. म्हणून चित्राच्या तळाशी पट्टी जोडून, चित्राचाच भाग म्हणून लेबल टाका. अक्षर कृतिपत्रिकेतल्या मजकुराएवढं ठेवा, काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं. फिकट राखाडी अक्षरं झेरॉक्समध्ये उडतात, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. आणि शक्य असेल तर ते तपकिरी, फाटक्या कडांचं रूप सोडूनच द्या. साधं रेखाचित्र करून घ्या. रेखाचित्र पाहून कुणाला फोटोचा भास होत नाही, म्हणजे लेबलाचं निम्मं काम चित्रच करतं.

मग प्रत्येक चित्राला लेबल?

नाही. तसं केलं तर लेबलाची किंमतच जाते. २०२४ मध्ये मेटा कंपनीने इन्स्टाग्राम-फेसबुकवर 'मेड विथ एआय' असं लेबल लावायला सुरुवात केली, तेव्हा किरकोळ दुरुस्ती केलेल्या खऱ्या फोटोंवरही ते लागलं. छायाचित्रकार चिडले आणि जुलैमध्ये कंपनीला शब्द बदलून 'एआय इन्फो' करावा लागला. खऱ्या फोटोला खोट्याच्या रांगेत बसवणं हीसुद्धा दिशाभूलच.

मी एक साधी कसोटी सांगते. या बदलामुळे चित्र पाहून मूल जे उत्तर देईल, ते बदलतं का? पानाच्या फोटोचा उजेड वाढवला, कडा कापल्या, तर पानाचा आकार तोच राहतो. लेबल नको. त्याच पानावरची किडीची भोकं पुसली, तर 'पानाचा आकार' या पाठाला फरक पडत नाही. पण 'पिकांवरील कीड' या पाठाला पडतो. तिथे लेबल हवं. आणि साधनाने जास्वंदीला सहा पाकळ्या काढल्या, तर? तिथे लेबल लावून भागत नाही. मूल पाकळ्या मोजणार आहे, आणि जास्वंदीला त्या पाचच असतात. ते चित्र वापरूच नका, अंगणातलं फूल आणा.

नियम काय म्हणतात?

आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात कृत्रिम चित्राची किमान १० टक्के जागा लेबलाला द्यावी असं होतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या नियमांत ती टक्केवारी राहिली नाही, लेबल ठळक असावं एवढं राहिलं. शिवाय हे नियम मुख्यतः समाजमाध्यमं आणि साधनं पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत, आणि सद्हेतूने केलेल्या शैक्षणिक साहित्याला त्यात सूट आहे. म्हणजे आपल्या कृतिपत्रिकेवर कायदा लक्ष ठेवणार नाही. मला ही सूट योग्यच वाटते. पण त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते, कारण मूल शिक्षकाने दिलेल्या कागदावर जितका विश्वास ठेवतं तितका मोबाइलवरही ठेवत नाही.

एक करून बघा. पुढची कृतिपत्रिका वाटण्याआधी तिची एक झेरॉक्स काढा, फक्त चित्र कापून घ्या आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला विचारा, 'यातलं खरं काय आणि काल्पनिक काय?' त्याला ते त्या तुकड्यावरून सांगता आलं तर लेबल जमलं. नाहीतर पुन्हा लिहा. पालकांनीही घरी आलेल्या जाहिरातीवर हाच प्रयोग करावा आणि काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवावं.