विश्लेषण : जर्मन शिकताना चूक जर्मनमध्येच दुरुस्त करावी की मराठीत समजावून घ्यावी?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिथे सुमारे १० हजार कुशल तरुण पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि जर्मन शिकणाऱ्यांमध्ये नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे नवे चेहरे दिसू लागले. क्लास निवडताना त्यांच्यापुढे एक प्रश्न येतो. शिक्षक फक्त जर्मनमध्ये बोलणारे असावेत, की मराठीत समजावणारे?

फक्त जर्मनचा आग्रह कशासाठी?

त्याचे एक कारण परीक्षा आहे. ग्योथे संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, ऐकणे, लेखन आणि बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. सूचनाही जर्मनमध्येच असतात. बोलताना मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचे भाषांतर करत बसले, तर समोरच्याचे पुढचे वाक्य निसटते. वर्गात सतत जर्मन कानावर पडले की ही सवय मोडते.

मग अडचण कुठे येते?

विद्यार्थी म्हणतो, 'इश हेल्फे दिश', म्हणजे 'मी तुला मदत करतो'. शिक्षक हसून म्हणतात, 'या, इश हेल्फे दिर.' विद्यार्थी मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'दिश' म्हणतो. त्याला वाटते, शिक्षकांनी आपल्या म्हणण्याला दुजोरा दिला.

कॅनडातील संशोधक रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये माँट्रियल भागातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा चुकीचे वाक्य फक्त बरोबर करून परत म्हणत होते. त्यानंतर विद्यार्थ्याने त्या दुरुस्तीला काही प्रतिसाद दिला, असे जेमतेम ३१ टक्के वेळाच घडले.

'दिश' आणि 'दिर'मध्ये आणखी एक गाठ आहे. 'मी तुला बघतो' आणि 'मी तुला मदत करतो' या दोन्हींत मराठीत 'तुला'च येते. जर्मनमध्ये बघण्यासाठी 'दिश' आणि मदतीसाठी 'दिर' लागते. आपल्या भाषेत हा फरक दिसतच नाही, त्यामुळे तो कानालाही टोचत नाही. 'मदत करणे, आभार मानणे, उत्तर देणे या क्रियापदांबरोबर दिर' हे एक वाक्य मराठीत सांगितले, तर पुढच्या वेळी तीच दुरुस्ती ऐकताना विद्यार्थ्याला नेमके काय बदलले ते कळते.

इंग्रजीतून समजावले तर?

बऱ्याच क्लासमध्ये 'समजावणे' म्हणजे इंग्रजीत समजावणे. काही ठिकाणी त्यानेच घोळ होतो. 'मला घर आवडते' याचे जर्मन आहे 'दास हाउस गेफेल्ट मिर'. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, म्हणून इंग्रजीवरून जाणारा विद्यार्थी 'इश'पासून सुरुवात करतो आणि चुकतो. मराठीत मात्र रचना जवळपास तीच आहे. मिर म्हणजे मला. घराऐवजी पुस्तके आली की 'आवडते'चे 'आवडतात' होते, तसेच 'गेफेल्ट'चे 'गेफालन' होते. इथे मराठी हीच जवळची वाट आहे.

मराठी कुठे कामाची नाही?

तीन लिंगे मराठीतही आहेत, म्हणून जर्मन लिंगे सोपी जातील असे वाटते. पण आपला सूर्य पुल्लिंगी, तर जर्मन सूर्य स्त्रीलिंगी. याचे कारण मराठीत विचारून काहीच हाती लागत नाही. 'दी झोने' हा शब्द 'दी'सकटच पाठ करावा लागतो. उच्चारांचेही तसेच आहे. तिथे लगेच जर्मनमध्ये झालेली दुरुस्ती आणि ते वाक्य स्वतः पुन्हा म्हणणे हेच उपयोगी पडते. उलट दहा मिनिटांचे मराठी व्याख्यान झाले, तर तेवढा वेळ जर्मन कानावर पडतच नाही.

ठरवायचे कसे?

आपल्या चुकांची वही ठेवली की उत्तर तिथेच सापडते. दुरुस्त होऊनही एखादी चूक तिसऱ्यांदा आली आणि ती का चूक आहे हे सांगता येत नसेल, तर मराठीत दोन वाक्यांचे स्पष्टीकरण मागावे आणि लगेच जर्मनमध्ये पाच वाक्ये करावीत. नियम धडाधड सांगता येतो, पण बोलताना जीभ घसरते, असे असेल तर आणखी स्पष्टीकरणाने फरक पडणार नाही. तिथे फक्त जर्मनमधला सराव आणि जागच्या जागी दुरुस्ती हवी.

ए१, ए२ पातळीवर पहिल्या प्रकारच्या चुका जास्त असतात. बी१ जवळ येईल तसा दुसरा प्रकार वाढतो. म्हणून डेमो वर्गात शिक्षकांना 'मराठीत शिकवता का?' एवढेच विचारून भागत नाही. मराठीचा आधार कोणत्या टप्प्यावर काढून घेता, हे विचारायला हवे.