खरेदीच्या रकान्यातलं शून्य

ब्रोकरचं कॅपिटल गेन स्टेटमेंट हातात आलं की आपण थेट शेवटच्या बेरजेकडे बघतो. सध्या रिटर्नची धांदल आहे, म्हणून सांगतो: आधी खरेदी किमतीचा रकाना वाचा आणि त्यात शून्य दिसलं तर तिथेच थांबा. ते शून्य खरं असू शकतं, तसंच निव्वळ माहिती नसल्यामुळेही छापलेलं असू शकतं.

आधी खरं शून्य. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी ढोबळ धरलेत. जून २०२२ मध्ये त्यांनी रिलायन्सचे १०० शेअर २५०० रुपयांनी घेतले, म्हणजे अडीच लाख गुंतवले. जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि एका शेअरमागे तिचा एक शेअर मिळाला. तो फुकटचा नव्हता. कंपनीनेच कळवलं होतं, की मूळ खर्चाचा ४.६८ टक्के भाग जिओकडे धरा आणि ९५.३२ टक्के रिलायन्सकडे ठेवा. म्हणजे जिओच्या १०० शेअरची किंमत ११,७०० रुपये आणि रिलायन्सची २,३८,३००. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. बोनसच्या या १०० शेअरची खरेदी किंमत कायद्यानेच शून्य आणि त्यांचं वय बोनस मिळाल्या दिवसापासून मोजायचं.

मे २०२५ मध्ये गुरुजींनी १४०० रुपयांनी १५० शेअर विकले. एका डिमॅट खात्यात जे आधी आलं ते आधी गेलं असं धरतात. त्यामुळे पहिले १०० जुने गेले: आले १,४०,०००, खर्च २,३८,३००, दीर्घ मुदतीचा तोटा ९८,३००. उरलेले ५० बोनसचे. त्यांना बारा महिने झालेले नव्हते, म्हणून ७०,००० रुपयांचा अख्खा नफा अल्प मुदतीचा.

गुरुजींचा समज असा, की एकूण तोटाच झाला, मग कर कसला? पण दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. अल्प मुदतीच्या ७०,००० वर त्यांना २० टक्क्यांनी १४,००० रुपये आणि वर सेस भरावा लागणार. हेच ५० शेअर नोव्हेंबरमध्ये त्याच भावाने विकले असते, तर नफा दीर्घ मुदतीचा ठरून तोट्यातच जिरला असता. स्टेटमेंट बरोबर होतं, फक्त ते विकण्याआधी वाचायला हवं होतं. आता उरलेला ९८,३०० चा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येईल, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

आता खोटं शून्य. साताऱ्यातल्या एका बाईंनी अशाच भावाने, त्याच सुमारास तेवढेच रिलायन्स घेतले होते. त्यांचं डिमॅट पोवई नाक्यावरच्या एका सब-ब्रोकरकडे होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलाने सगळे शेअर मोबाइल ॲपवाल्या ब्रोकरकडे हलवले. मे महिन्यात बाईंनी फक्त जिओचे १०० शेअर २५० रुपयांनी विकले. नव्या ब्रोकरकडे शेअर आले, पण खरेदीची नोंद आली नाही. त्याने किंमत शून्य लावली, तारीख खात्यात आल्याची धरली आणि २५,००० चा अल्प मुदतीचा नफा दाखवला. कर ५,००० रुपये!

खरं गणित असं: २५,००० वजा ११,७००, म्हणजे नफा १३,३००. वेगळ्या झालेल्या कंपनीच्या शेअरचं वय मूळ शेअरच्या खरेदीपासून मोजतात, त्यामुळे हा नफा दीर्घ मुदतीचा. वर्षाला सव्वा लाखापर्यंत अशा नफ्यावर कर नाही आणि बाईंचा दुसरा असा नफा नव्हता. कर शून्य.

चूक ओळखायची कशी? खरेदीची तारीख आणि शेअर नव्या खात्यात आल्याची तारीख एकच दिसली, की शंका घ्या. दुसरी खूण: मूळ कंपनी आणि तिच्यातून निघालेली कंपनी, दोन्हींच्या खरेदी किमतींची बेरीज मूळ गुंतवणुकीएवढी यायला हवी. जिओला शून्य आणि रिलायन्सला पूर्ण अडीच लाख असेल, तरी बेरीज जुळते. म्हणून विभागणीही तपासा. नाहीतर उद्या रिलायन्स विकताना तोटा ११,७०० ने फुगेल. दुरुस्तीला जुन्या ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट आणि कंपनीचं विभागणीचं पत्र एवढे दोन कागद पुरतात. बऱ्याच ॲपमध्ये खरेदीची तारीख आणि भाव स्वतः भरता येतो.

माझं ब्रोकर मंडळींना एकच मागणं आहे. माहिती नसेल तिथे '०' छापू नका, 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहा. तोवर लक्षात ठेवा, रिटर्नवर सही ब्रोकरची नसते, तुमची असते. नोटीसही तुमच्याच नावाने येते.